भेट झाली, आता मधल्या मैत्रिणीला काय विचाराल?

ओळखीतल्या कुणीतरी दोघांची गाठ घालून दिली. कॉफी झाली, गप्पा झाल्या, 'घरी पोचलीस की कळव' झालं, तिनं कळवलंही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मात्र एकच विचार डोक्यात फिरतो: समोरच्याला काय वाटलं असेल? वाचकांच्या पत्रांत हा प्रश्न वरचेवर येतो आणि त्याच्या पोटात आणखी तीन असतात. ज्या मैत्रिणीनं भेट जुळवली तिला विचारावं का? कोणत्या शब्दांत विचारावं? आणि 'चांगला आहे रे, पण...' असं उत्तर आलं तर त्याचं काय करायचं?

बघण्याच्या कार्यक्रमात हा घोळ कमी असतो. पोहे झाले, पत्रिका झाली की 'कळवतो' म्हणून लोक उठतात आणि चार-आठ दिवसांत मध्यस्थ काकू फोन करतात. नकार असेल तर 'पत्रिका जुळत नाही' म्हणायची सोय असते, आणि ते ऐकून कुणी उलटतपासणी करत नाही. मित्रमंडळींतून जुळलेल्या ब्लाइंड डेटला अशी कुठलीच रीत नाही. मैत्रिणीनं भेट घालून दिली, एवढ्यावर पुढचा निरोप पोचवणं तिच्या अंगावर पडत नाही. म्हणून मध्यस्थाचं काम इथे तुमच्या एका मेसेजला करावं लागतं, आणि तो नीट लिहिलेला असावा लागतो.

आधी ठरवा, हवंय काय

'तिला कसं वाटलं?' या एका वाक्यात दोन वेगळ्या मागण्या दडलेल्या असतात. पहिली म्हणजे पुढची भेट होणार का, हे कळणं. दुसरी म्हणजे माझ्यात काय खटकलं, हे कळणं. पहिल्या मागणीला 'हो' किंवा 'नाही' पुरतं. दुसरीला मैत्रिणीला बसून विचार करावा लागतो, शब्द जपून निवडावे लागतात, आणि समोरच्या व्यक्तीनं विश्वासानं सांगितलेलं तुमच्यापर्यंत न्यावं लागतं.

या दोन गोष्टी एका मेसेजमध्ये विचारू नका. विचारल्यात की मैत्रीण दोन्हींना मिळून एक गुळमुळीत उत्तर देते. तुम्हाला परत भेटायचं असेल तर फक्त पहिलं विचारा. परत भेटायचं नाही हे उघड असेल आणि तरी स्वतःबद्दल काही जाणून घ्यायचं असेल, तर फक्त दुसरं. आणि नकार आला तरी कारण ऐकण्याची आज तयारी नसेल, तर दुसरं विचारूच नका. त्यात कमीपणा काही नाही.

कित्येक वाचक विचारत नाहीत, कारण त्यांनी मनातल्या मनात निकाल लावून टाकलेला असतो: 'तिला मी बोअर वाटलो असणार.' या अंदाजावर फार विसंबू नका. 2018मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. अनोळखी माणसं एकमेकांशी बोलली की आपण समोरच्याला किती आवडलो याचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमीच निघतो, असं त्यात दिसलं. तो अभ्यास साध्या गप्पांचा होता, डेटचा नव्हता. त्यामुळे 'म्हणजे मी आवडलोच असणार' असा उलटा अर्थ काढायलाही जागा नाही. विचारण्याआधीच स्वतःला नापास करू नका, इतकंच त्यातून घ्यायचं.

नंबर घेतले असतील तर मैत्रीण मध्ये कशाला?

भेटीत तुम्ही एकमेकांचे नंबर घेतले असतील, घरी पोचल्याचा मेसेज आला असेल, तर परत भेटायचं का हे थेट त्या व्यक्तीलाच विचारा. 'काल बोलायला आवडलं. पुढच्या शनिवारी किंवा रविवारी भेटायला जमेल का?' बास. हे सोडून मैत्रिणीमार्फत विचारलंत तर तिकडे दोनपैकी एक अर्थ लागतो: हा माणूस भित्रा आहे, किंवा आपल्याबद्दल आपल्यामागे चौकशा करतो. दोन्ही नको.

मैत्रिणीला विचारणं रास्त ठरतं ते अशा वेळी:

- नंबर घेतलेले नाहीत आणि सगळं तिनंच ठरवलं होतं.
- निघताना समोरची व्यक्ती संकोचलेली होती, थेट विचारलं तर तिला तोंडावर 'नाही' म्हणणं जड जाईल असं वाटतंय.
- तुम्ही थेट विचारलंत, उत्तर आलं नाही, आणि आपण थांबायचं का एवढंच कळायला हवंय.

तिसऱ्या प्रसंगात खरं तर न आलेलं उत्तर हेच उत्तर असतं. तरीही कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणी परीक्षेत अडकलेलं असतं. मैत्रिणीला एकदा विचारायला हरकत नाही, दुसऱ्यांदा नाही.

केव्हा पाठवायचा

भेटीच्या रात्री नको. समोरच्या व्यक्तीनंच अजून काही ठरवलेलं नसतं. तुम्ही रात्री साडेअकराला विचारलंत आणि मैत्रिणीनं लगेच तिकडे फोन लावला, तर त्या घाईतच एखादा होऊ शकणारा होकार 'बघू'वर जाऊन बसतो. फार उशीरही नको. आठवडा उलटला की मैत्रिणीच्या मनातून विषय गेलेला असतो आणि तुमचा प्रश्न तिला आढेवेढे घेऊन आलेला वाटतो. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ किंवा तिसरा दिवस, ही वेळ बरी.

एक बारीक गोष्ट पुष्कळदा निसटते. तुमची मैत्रीण आणि ती व्यक्ती एकाच ऑफिसात असतील तर ऑफिसच्या वेळेत हा मेसेज पाठवू नका. मैत्रिणीचा फोन टेबलावर उताणा पडलेला असतो, स्क्रीनवर मेसेजच्या पहिल्या दोन ओळी उजळतात, आणि शेजारच्या खुर्चीत नेमकी तीच बसलेली असते. रात्री जेवणं आटोपल्यानंतरची वेळ धरा. पहिल्या ओळीत त्या व्यक्तीचं नाव टाकू नका.

व्हॉइस नोटही टाळा. आवाजातली धाकधूक लपत नाही, आणि मैत्रिणीला ती नोट ऐकायला कोपरा शोधावा लागतो. रिक्षात, लोकलमध्ये ती स्पीकरवर लागली की संपलंच.

एक मेसेज, दोन खर्डे

उदाहरणादाखल एक प्रसंग घेऊ. ठाण्याचा तिशीतला मुलगा. त्याच्या कॉलेजच्या मैत्रिणीनं आपल्या ऑफिसातल्या एका मुलीशी त्याची भेट ठरवली. रविवारी संध्याकाळी दादरला शिवाजी पार्कजवळच्या एका कॅफेत दोघं भेटले. नंबरांची देवाणघेवाण झाली नाही, निघताना ती जरा घाईत होती. रात्री त्यानं मैत्रिणीसाठी हे लिहिलं:

> अगं आज खूपच भारी झालं!! अडीच तास बोलत होतो, वेळ कसा गेला कळलंच नाही. मला वाटतं तिलाही आवडलं असावं, सारखी हसत होती. पण निघताना जरा घाईत वाटली. मी जास्त बोललो का गं? नोकरी सोडायचं डोक्यात आहे ते बोललो, ते नको होतं का? तिने तुला काही सांगितलं का? खरं खरं सांग हं, मला अजिबात वाईट वाटणार नाही. तिला म्हण मला परत भेटायला नक्की आवडेल, ती म्हणेल तिथे येईन. आणि नसेल आवडलं तर तसंही सांग, पण मला नाही वाटत तसं 😄

मुलगा सालस आहे, हेतू स्वच्छ आहे. तरी हा मेसेज मैत्रिणीला पेचात टाकतो. 'मला वाटतं तिलाही आवडलं असावं' आणि शेवटचं 'मला नाही वाटत तसं', या दोन वाक्यांनी नकार पोचवण्याची वाटच बंद होते. आता 'नाही' सांगायचं तर मैत्रिणीला आधी त्याचा भ्रम मोडावा लागेल, आणि ते कोण करणार? त्यापेक्षा ती एक हसरी इमोजी टाकून विषय बदलेल.

'खरं सांग, वाईट वाटणार नाही' या वाक्याचा उपयोग शून्य. वाईट वाटतंच, हे मैत्रिणीला पक्कं ठाऊक असतं. तिला खरं बोलायचा धीर येतो तो खरं बोलल्यावर आपल्याला पुढे काही निस्तरावं लागणार नाही याची खात्री पटली तर. 'तिला म्हण' या दोन शब्दांनी मात्र तिला थेट निरोप्याच करून टाकलंय. उद्या नकार आला तर दोन्हीकडची नाराजी तिच्याच पदरात. शिवाय मेसेज इतका लांब आणि इतका मोकळा आहे की एखाद्या भाबड्या क्षणी तो तसाच्या तसा पुढे ढकलला जाऊ शकतो. नोकरी सोडण्याच्या बेतासकट.

दुसऱ्या दिवशी रात्री त्यानं पाठवावा असा खर्डा:

> अगं, रविवारची भेट छान झाली. तू मनावर घेऊन ठरवलंस, थँक यू. मला गप्पा मारायला मजा आली, परत भेटायला आवडेल. तुला अवघड होणार नसेल तर तिला कसं वाटलं ते तुझ्या पद्धतीने विचारशील? नाही असेल तर नुसतं 'नाही' लिही, कारण विचारणार नाही. तुला यात पडायचं नसेल तरी काही नाही, तसं सांग. आणि हा मेसेज तिला दाखवू नकोस, प्लीज.

सात छोटी वाक्यं. आभार आधी आले, कारण मैत्रिणीनं शब्द टाकला होता. स्वतःचं उत्तर एका ओळीत, वजन न टाकता: 'परत भेटायला आवडेल'. याहून मोठं काही लिहिलंत, 'पहिल्यांदाच कुणाशी असं जुळलं' वगैरे, की मैत्रिणीला नकार सांगणं अवघड झालंच म्हणून समजा. उलट स्वतःचं उत्तर अजिबात लिहिलं नाही, तर तिला तिकडे विचारताना काय म्हणायचं तेच कळत नाही, आणि तुम्ही आधी त्यांचं मत काढून मग आपलं ठरवणार, असा वास येतो.

त्यानंतर एकच प्रश्न. मग नकाराची सोय, अगदी तयार शब्दासकट. मैत्रिणीला फक्त एक शब्द टाइप करायचाय. मग तिची स्वतःची सुटका. आणि शेवटी न दाखवण्याची विनंती, जी पुष्कळांना उगीच वाटते. पण मैत्रिणी एकमेकींना मेसेज दाखवतात, मित्रही दाखवतात, आणि त्यात वाईट हेतू नसतो. न सांगता कुणी जपत नाही.

तुमचं मैत्रिणीशी बोलणं 'अगं-तूगं'चं नसेल, भेट जर मित्राच्या बायकोनं ठरवली असेल, तर 'वहिनी, तुम्ही वेळ काढून ठरवलंत' असं लिहा आणि शक्यतो त्यांना वळसा घालून मित्राला विचारू नका. मित्रालाच विचारलंत तर तो घरी सांगेल, वहिनी तिकडे सांगतील, आणि एका वाक्याची तीन रूपं होतील. जिनं भेट ठरवली तिलाच विचारायचं.

परत भेटायचं नाही, फक्त काय खटकलं ते हवंय

हा मेसेज आणखी लहान असतो. त्यात एक पथ्य: मैत्रिणीला तिकडे नव्यानं विचारायला लावू नका. तिला आधीच काही कळलं असेल तर तेवढंच मागा.

> त्या भेटीचं पुढे काही होणार नाही हे दोघांनाही कळलंय, त्याबद्दल काही नाही. माझ्या वागण्याबोलण्यात तिला काही खटकलं असं ती तुझ्याशी आपणहून बोलली असेल, आणि मला सांगण्यासारखं असेल, तर सांगशील का? तिला मुद्दाम विचारू नकोस.

'मला सांगण्यासारखं असेल' हे शब्द राहू द्या. काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं हे मैत्रीण ठरवेल. तिला ती मोकळीक असेल तरच ती तोंड उघडेल.

आलेलं उत्तर कसं वाचायचं

वाईट बातमी पोचवायला माणसं कचरतात, ती बातमी त्यांच्यामुळे घडलेली नसली तरी. 1970 साली रोझेन आणि टेसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोग करून दाखवलं होतं. इथे तर मैत्रिणीनं दोघांनाही हौसेनं भेटवलेलं असतं. त्यामुळे तिच्याकडून आलेला नकार बहुधा कापसात गुंडाळूनच येतो, आणि तो उलगडून बघावा लागतो.

- 'हो, तिलाही आवडलं. नंबर देऊ का?' इथे मैत्रिणीचं काम संपलं. नंबर घ्या आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा. 'ती नक्की काय म्हणाली?' असं शब्दशः विचारत बसू नका.
- 'चांगला मुलगा आहे म्हणाली.' पुढे काहीच नाही. हा नकार आहे. ज्याला परत भेटायचं असतं तो 'चांगला आहे' एवढ्यावर थांबत नाही.
- 'सध्या तिचं ऑफिसचं खूप चालू आहे.' याच्यासोबत दुसरी वेळ आली आहे का ते बघा. 'मार्चनंतर भेटूया म्हणाली' असेल तर खरोखरच काम असू शकतं. वेळ नसेल तर काम हे निमित्त आहे.
- 'अजून काही बोलणं झालं नाही.' खरं असू शकतं. 'घाई नाही' एवढं लिहून सोडून द्या. आठवडाभर काहीच आलं नाही, तर मैत्रिणीला विचारायचं नाहीये किंवा तिकडून काही सांगायचं नाहीये. दोन्हींचा अर्थ तुमच्यासाठी एकच.
- 'तूच विचार ना तिला.' मैत्रीण बाजूला झाली. रागावू नका. 'मग तिला विचारून तिचा नंबर देशील का?' इतकंच म्हणा. 'तिला विचारून' हे गाळू नका.
- निळ्या टिका, उत्तर नाही. पाचेक दिवसांनी एकच ओळ चालते: 'त्या विषयाचं राहू दे गं, सोडून दिलं तरी चालेल.' आश्चर्य म्हणजे या ओळीनंतरच पुष्कळदा खरं उत्तर येतं, कारण आता ते सांगणं सोपं झालेलं असतं.

यात एक धोका आहे. शब्दांचा कीस काढायची सवय लागली की माणूस 'छान' आणि 'छानच'मधला फरक शोधायला लागतो. वरची यादी स्पष्ट उत्तर नसतानाच कामाची. मैत्रिणीनं सरळ 'नाही' लिहिलं असेल तर ते नाहीच, त्यात दुसरं काही शोधू नका.

'नाही' आल्यावर

आपल्या उदाहरणातल्या मुलाला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं असं समजू: 'अरे, तिला तुझ्याशी बोलायला बरं वाटलं, पण पुढे नको म्हणाली. सॉरी रे.' त्यानं लिहायचं ते एवढंच:

> कळलं. सांगितलंस ते बरं केलंस, सॉरी कशाला. शनिवारी सगळ्यांसोबत भेटूच.

शेवटचं वाक्य नीट बघा. मैत्रिणीला धास्ती असते की आता हा आपल्याशीही फटकून वागेल. आधीच ठरलेल्या एखाद्या साध्या भेटीचा उल्लेख केला की ती धास्ती जाते. ठरलेली भेट नसेल तर खोटी काढू नका, 'कळलं, थँक यू' पुरे.

काय करायचं नाही हे इथे जास्त महत्त्वाचं. 'का?' विचारू नका, तुम्ही लिहून दिलं होतं की विचारणार नाही. 'एकदा परत विचारून बघ' तर नाहीच. इन्स्टाग्रामवर शोधून 'हाय, रविवारी भेटलो होतो' असंही नको. नकार मैत्रिणीकडून आला म्हणून तो अर्धा ठरत नाही.

याला कायद्याचीही बाजू आहे, विशेषतः पुरुष वाचकांसाठी. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78नुसार, स्त्रीनं स्वारस्य नाही असं स्पष्ट दाखवल्यावरही जवळीक साधण्यासाठी तिच्याशी वारंवार संपर्क करणं, करायचा प्रयत्न करणं किंवा ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं, हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एका मेसेजनं कुणी गुन्हेगार होत नाही. पण नकार कळल्यावर वेगवेगळ्या ॲपवरून परतपरत विचारणारे वाचक आपण फक्त 'प्रयत्न' करतोय असं समजतात, म्हणून हे सांगायला हवं.

खटकलेली गोष्ट कळली तर

समजा मैत्रिणीनं लिहिलं, 'आधीच्या ब्रेकअपबद्दल फार बोललास म्हणे.' पहिली ऊर्मी खुलासा करण्याची असते: अगं तिनंच विचारलं होतं, मी तर दोनच वाक्यं बोललो. हा खुलासा लिहू नका. मैत्रीण तिथे नव्हती, तिला न्यायनिवाडा करता येत नाही. तुम्ही वाद घातलात तर पुढच्या वेळी ती काही सांगणार नाही, आणि कदाचित तो वाद तिकडेही पोचेल. 'बरं झालं कळलं' लिहा आणि फोन बाजूला ठेवा.

मग ती गोष्ट वागण्यातली आहे की आवडीनिवडीतली, ते बघा. सारखा फोन बघणं, पाऊण तास उशिरा पोचणं, वेटरशी तुसडेपणानं बोलणं, समोरच्याला बोलू न देणं, हे वागणं झालं. आपल्या हातात आहे, आणि दोन वेगळ्या माणसांकडून तेच कानावर आलं तर खरंच आहे असं धरून चाला. तुमची उंची, पगार, मुंबई न सोडण्याचा हट्ट, मांसाहार, घरी आई-वडील असणं, ही त्या व्यक्तीची आवडनिवड झाली. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. रंग किंवा जात असं कारण कानावर आलं तर तेही तिथेच सोडा. त्याचं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही, मैत्रीणही नाही.

कुणाचा काय हक्क

समोरच्या व्यक्तीला कारण न देता 'नाही' म्हणण्याचा हक्क आहे, आणि भेटीत काय वाटलं ते कुणालाच न सांगण्याचाही. मैत्रिणीला मध्ये न पडण्याचा हक्क आहे, तिनं भेट ठरवली असली तरी. आणि तुम्हालाही एक हक्क आहे, जो वाचक सहसा विसरतात: तुम्ही भेटीत सांगितलेल्या खासगी गोष्टी, म्हणजे आजारपण, घरातली भांडणं, नोकरी सोडायचा बेत, या मित्रमंडळात फिरू नयेत असं मैत्रिणीला सांगण्याचा. 'आमच्यातलं बोलणं ग्रुपवर नको हं' एवढं पुरे.

समलिंगी वाचकांसाठी यात एक जादा काळजी. समोरच्या व्यक्तीनं आपल्या घरी किंवा ऑफिसात सांगितलेलं नसेल तर तुमचा साधा मेसेजही तिला उघडं पाडू शकतो. नाव, ऑफिस, भेटीची जागा असं काहीच लिहू नका. त्यापेक्षा फोन करा, आणि तोही मैत्रीण एकटी असताना.

चुकून मेसेज भलत्याच चॅटवर किंवा मित्रांच्या ग्रुपवर पाठवलात, तर व्हॉट्सॲपवर साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. तिथे मेसेज काढून टाकल्याची खूण मात्र राहते, आणि तोवर कुणी वाचलेला असू शकतो. शब्द बदलायचे असतील तर पंधरा मिनिटांच्या आत एडिट होतो. यावर भिस्त ठेवण्यापेक्षा मेसेज आधी फोनच्या नोट्समध्ये लिहा, तासाभरानं वाचा, मग पाठवा.

हा मेसेज ज्यासाठी नाही

भेटीत समोरच्यानं नको तिथे हात लावला, जबरदस्तीनं सोबत यायला लावलं, धमकावलं, पैसे मागितले, तर 'त्याला कसं वाटलं?' हा प्रश्नच उद्भवत नाही. मैत्रिणीला सरळ सांगा काय घडलं ते, म्हणजे ती त्या माणसाची भेट आणखी कुणाशी घालणार नाही. तिनं 'तो तसा नाहीये गं' म्हटलं तरी स्वतःवर शंका घेऊ नका. लगेच मदत हवी असेल तर 112, आणि स्त्रियांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. मेसेज, कॉलची नोंद, कॅबची पावती पुसू नका.

आणि उलटा प्रश्न तुम्हाला आला तर

बऱ्याचदा तुम्ही विचारायच्या आधी मैत्रीणच विचारते: 'मग? कशी वाटली?' तेव्हा 'बरी आहे, बघू' असं सोडून देऊ नका, कारण हे 'बघू' तिकडे पोचतं आणि कुणीतरी त्याची वाट बघत राहतं. भेटायचं असेल तर हो म्हणा. नसेल तर 'चांगली आहे, पण माझ्याकडून पुढे नाही. तिला लवकर कळलेलं बरं' असं लिहा. मैत्रीण हुशार असेल तर ती दोघांना वेगवेगळं विचारेल आणि दोन्हीकडून हो असेल तरच एकाचं दुसऱ्याला सांगेल. नसेल तर तुम्हीच सुचवा: 'आधी तिचं विचार, माझं लगेच सांगू नकोस.' यात कुणाचाच नकार दुसऱ्याच्या कानावर नकार म्हणून पडत नाही.

राहता राहिला महिन्याभरानंतरचा प्रसंग: त्याच मैत्रिणीच्या वाढदिवसाला दोघं एकाच खोलीत. टाळत भिंतीला चिकटून उभं राहू नका आणि त्या भेटीचा विषयही काढू नका. 'काय म्हणतेस, बरी आहेस ना?' म्हणा, मिनिटभर बोला, आणि केक कापायला बोलावतायत तिकडे जा.